व्याकरणाचा नियम शेवटी का येतो: मराठीच्या बाईंचे पालकांना पत्र

*“बाई, मुलगी सातवीत आहे. निम्मे वर्ष संपत आले तरी तिच्या मराठीच्या वहीत व्याकरणाचे नियम म्हणून चार पानेसुद्धा नाहीत. विचारले की म्हणते, बाई वाचायला लावतात आणि बोलायला लावतात. आम्ही विभक्तीचे तक्ते आणि प्रयोगांच्या व्याख्या पाठ करून शिकलो, आमचे काही बिघडले नाही. परीक्षेत व्याकरणाला गुण असतात. नियम न शिकता ते मिळणार कसे?”*

सप्रेम नमस्कार.

नियम मी शिकवते. फक्त ते धड्याच्या सुरुवातीला येत नाहीत, शेवटी येतात. वहीत ते कमी दिसतात, कारण जोपर्यंत मुलांना स्वतःच्या शब्दांत मांडता येत नाहीत तोपर्यंत मी ते फळ्यावर लिहीत नाही. असे का करते हे सगळ्या व्याकरणाला धरून सांगत बसले तर पत्र फार लांबेल. म्हणून बहुतेकांना शाळेत नकोसा झालेला एकच भाग घेते: प्रयोग. कर्तरी, कर्मणी, भावे.

आधी थोडे मागे जाऊ या. पुस्तकातला कोणताही नियम नीट वाचून पाहा. तो बहुतेक वेळा आपल्याला आधीच माहीत असलेल्या एखाद्या गोष्टीवर उभा असतो. लिंगाचेच घ्या. निर्जीव वस्तूचे लिंग कसे ओळखायचे? पुस्तक सांगते, शब्दाआधी ‘तो, ती, ते’ लावून पाहा. तो दगड, ती भिंत, ते घर. ही युक्ती बरोबर आहे, पण हा नियम नव्हे. ज्याला ‘ती भिंत’ असे म्हणायची सवय आहे त्याच्याच ती कामाची. ज्याच्या कानावर हा शब्द कधी पडलाच नाही त्याला ‘तो भिंत’ काय आणि ‘ती भिंत’ काय, दोन्ही सारखेच. दगड पुल्लिंगी का आणि भिंत स्त्रीलिंगी का, याला भाषेत कारण नाही. ते ऐकून आणि वाचूनच कळते.

विभक्तीच्या तक्त्याचेही तसेच. ‘स, ला, ते’ तुम्हाला अजून पाठ असेल. (त्यातला ‘ते’ तुमच्या मुलीने गद्यात एकदाही वापरलेला नसेल, तरी पाठांतरात तो टिकून आहे.) तक्ता प्रत्यय सांगतो, पण प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे काय होते ते सांगत नाही. ‘वाट’ला ‘त’ लावला की ‘वाटेत’ होते आणि ‘विहीर’ला लावला की ‘विहिरीत’. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. मग एकीकडे ‘ए’ आणि दुसरीकडे ‘ई’ का? याला नियम आहे. ज्या शब्दाचे अनेकवचन ‘आ’ने संपते त्याचे सामान्यरूप ‘ए’ घेते: वाटा, म्हणून वाटेत. ज्याचे ‘ई’ने संपते त्याचे ‘ई’ घेते: विहिरी, म्हणून विहिरीत. पण आता अनेकवचन ‘वाटा’ आहे, ‘वाटी’ नाही, हे कुठून कळणार? पुन्हा कानावरूनच. शिवाय ‘चूक’ हा शब्द या नियमात बसत नाही. अनेकवचन ‘चुका’, पण आपण म्हणतो ‘तिच्या चुकीमुळे’. उलट बाजूने पाहिले तर हीच मुले ‘बॅगेत’ आणि ‘सायकलीवर’ असे अगदी बिनचूक बोलतात. या परक्या शब्दांची सामान्यरूपे त्यांना कोणी तक्त्यातून शिकवली नव्हती.

म्हणून माझा क्रम असा: आधी कान भरायचा, मग डोळा, मग तोंड, आणि शेवटी नियमाने त्या सगळ्याला नाव द्यायचे. प्रयोगाच्या धड्यात हे वर्गात कसे चालते ते सांगते.

पहिल्या तासाला मी मुलांना एक लहान उतारा देते. बहुधा मीच लिहिलेला, कारण मला त्यात ठरावीक क्रियापदे हवी असतात. यंदाचा हा होता:

*सुमन घरी आली. तिने कपाट उघडले. आत एक जुनी पेटी होती. तिने पेटी बाहेर काढली आणि आतले कागद टेबलावर मांडले. मग तिने भावाला बोलावले. बोलता बोलता ती किल्लीची जागा विसरली.*

हा उतारा दोनतीन मुले मोठ्याने वाचतात. त्यानंतर मी एवढेच सांगते की सुमनच्या जागी सुधीर आला असे धरा आणि पुन्हा वाचा. वही उघडायची नाही, लिहायचे काही नाही. मुले न अडखळता वाचतात: ‘सुधीर घरी आला. त्याने कपाट उघडले. आत एक जुनी पेटी होती. त्याने पेटी बाहेर काढली…’ शेवटी ‘तो किल्लीची जागा विसरला’. मग मी विचारते, कोणती क्रियापदे बदलली? उताऱ्यात क्रियापदे सात आहेत. बदलली फक्त दोन: आली आणि विसरली. उघडले, काढली, मांडले, बोलावले ही जागची हललीच नाहीत. मुलगी जाऊन मुलगा आला तरी ‘काढली’ तशीच राहिली. वर्गात हे बहुतेकांच्या पहिल्यांदाच लक्षात येते, आणि तेही स्वतः वाचल्यानंतर. ‘होती’ पण बदलली नाही, असे कोणीतरी म्हणतेच. तिथे थांबायचे. ‘होती’ कोणाबद्दल आहे? पेटीबद्दल. पेटीचा सुधीर झालेला नाही, मग ती कशाला बदलेल? म्हणजे कर्ता कोण हे शोधायची सवय इथेच लागते, व्याख्या न सांगता.

दुसरी फेरी. आता माणूस तोच ठेवायचा आणि वस्तू बदलायची. पेटीच्या जागी खोका, कपाटाच्या जागी खिडकी. लगेच सगळे उलटे होते: ‘तिने खिडकी उघडली. तिने खोका बाहेर काढला.’ मघाशी जी क्रियापदे हलत नव्हती ती आता वस्तूच्या मागोमाग बदलतात. तिसऱ्या फेरीत भावाच्या जागी बहीण आणि मग दोन मित्र. ‘तिने बहिणीला बोलावले. तिने मित्रांना बोलावले.’ इथे कशानेच काही होत नाही. सुमन बदला, भाऊ बदला, ‘बोलावले’ तसेच.

तीन फेऱ्या झाल्या की फळ्यावर तीन रकाने तयार होतात आणि त्यांतले प्रत्येक वाक्य मुलांच्या तोंडून आलेले असते. मगच मी नावे देते. माणूस बदलल्यावर जे बदलले तो कर्तरी. वस्तू बदलल्यावर जे बदलले तो कर्मणी. कशानेच जे बदलले नाही तो भावे. व्याख्या मुलेच तयार करतात आणि ती पुस्तकातल्या व्याख्येच्या जवळच जाते. दुसऱ्या दिवशी पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवते, तेव्हा ‘हे तर आम्ही केलंय’ अशी कुजबुज वर्गात होते.

आता याच्या उलट, नियम आधी दिला तर काय होते तेही सांगते. व्याख्या जड असते, म्हणून मुले तिची खूण करून ठेवतात: ‘ने’ दिसला की कर्मणी. ही खूण एका इयत्तेतून दुसऱ्या इयत्तेत तोंडी जाते आणि सोप्या प्रश्नांत गुणही मिळवून देते, म्हणून ती मरत नाही. पण पाहा ती कुठे कुठे फसते. ‘राधा कात्रीने कागद कापते.’ इथे ‘ने’ आहे, पण तो कात्रीला लागलेला. प्रयोग कर्तरी. ‘शिपायाने चोराला पकडले.’ ‘ने’ कर्त्यालाच आहे, तरी प्रयोग भावे. ‘मी गोष्ट वाचली.’ इथे ‘ने’ कुठेच दिसत नाही, कारण ‘मी’ आणि ‘तू’ यांना तो उघडपणे लागत नाही, पण प्रयोग कर्मणी आहे. आणि ‘ती किल्लीची जागा विसरली’ या वाक्यात कर्म असूनही प्रयोग कर्तरी आहे. विसरणे, शिकणे, चुकणे अशी काही क्रियापदे भूतकाळातही कर्त्याची पाठ सोडत नाहीत: ‘तो धडा शिकला’, ‘ती रस्ता चुकली’. म्हणूनच मी ‘विसरली’ हे क्रियापद पहिल्याच उताऱ्यात मुद्दाम घातले होते. नियम पाठ केलेल्या मुलाला हा अपवाद म्हणून वेगळा पाठ करावा लागतो. उतारा वाचलेल्या मुलाने तो अपवाद आहे हे कळण्याआधीच बरोबर वाचलेला असतो.

एका मुलाचे उदाहरण देते, नाव न सांगता. चाचणीत प्रयोग ओळखण्याच्या पाचही वाक्यांना त्याला पूर्ण गुण होते. त्याच आठवड्यात त्याने लिहिलेल्या निबंधात ‘मी एक कादंबरी वाचलो’ हे वाक्य होते, आणि पुढे ‘मी तिची चित्रे पण काढलो’ असेही. म्हणजे व्याकरणाचा पेपर त्याला येत होता, पण ते व्याकरण त्याच्या लिहिण्यात उतरलेले नव्हते. इथे एक गोष्ट स्पष्ट करते. ‘मी वाचलो’ असे काही बोलींमध्ये सर्रास म्हणतात आणि तिथे ते चूक नाही. त्या बोलीचा तो नियमच आहे. मी मुलांच्या घरची भाषा दुरुस्त करायला बसलेली नाही. पण निबंधात आणि पुढे अर्जात किंवा लेखात प्रमाण मराठी लागते, आणि ती त्याला बोलीच्या सोबत हवी.

मी त्याला नियम पुन्हा समजावला नाही, तो त्याला माहीतच होता. मी त्याच्याशी बोलत राहिले. “कोणती कादंबरी वाचलीस?” “मग तिच्यातली कोणती चित्रं काढलीस?” प्रश्नातच बरोबर रूप त्याच्या कानावर जाते आणि उत्तर देताना तो ते उचलतो किंवा उचलत नाही. पहिल्यांदा त्याने उचलले नाही. “मी ती चोराची वाचलो,” असे म्हणाला. मी मध्येच थांबवून “वाचलो नाही, वाचली” असे म्हटले असते तर त्याने ते एकदा म्हटले असते आणि पुढच्या वाक्याला पुन्हा ‘वाचलो’. शिवाय पुढे तो कमी बोलला असता, आणि तो बोललाच नाही तर मला कळणार काय? म्हणून मी फक्त पुढचा प्रश्न विचारला: “चोराची वाचलीस? ती तर मीही वाचली. शेवट आवडला का?” रोज थोडे थोडे असे, आणि सोबत मोठ्याने वाचन, ज्यात भूतकाळातली वाक्ये भरपूर आहेत असे. काही आठवड्यांनी तो वर्गात बोलताना स्वतःच अडखळून ‘वाचलो… वाचली’ असे करू लागला. माझ्या लेखी तो सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. मूल स्वतःचे वाक्य स्वतः ऐकू लागले आहे याची ती खूण. नियम तेव्हा पुन्हा दाखवला, आणि आता त्याला तो उपयोगी पडला, कारण आपण नेमके काय बदलतो आहोत हे त्याला त्यातून कळले.

बोलण्याच्या तासाबद्दल पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की मुले तिथे नुसत्या गप्पा मारतात. बाहेरून तसे दिसते खरे. पण त्या तासालाही व्याकरणच चालू असते. साखळीगोष्ट करताना मी अट घालते की प्रत्येकाने काल घडलेलेच सांगायचे आणि प्रत्येक वाक्यात नवी वस्तू आणायची. झाले, सगळा वर्ग अर्धा तास भूतकाळात सकर्मक क्रियापदे वापरत बसतो, त्यांना पत्ता न लागता. कोणी ‘तिने दोन पेटी उघडल्या’ म्हटले की शेजारचाच ‘पेट्या’ म्हणतो. मला मधे पडावे लागत नाही. दुसरी अट मोठ्या वाक्याची असते, कारण खरी परीक्षा तिथे होते. ‘तिने चित्रे काढली’ हे कोणीही बरोबर म्हणेल. पण ‘सगळे गेल्यावर त्या दोघांनी मिळून, कोणाला न सांगता, भिंतीवर जुन्या गावाची चित्रे…’ एवढे झाल्यावर क्रियापद ‘काढली’ येते की ‘काढले’, हे पाहायचे. कर्म आणि क्रियापद यांच्यात अंतर पडले, किंवा मध्ये दुसरेच एखादे नाम आले, की कच्चा कान घसरतो. मुलाला प्रयोग आला की नाही हे मी अशा वाक्यांवरून ठरवते, प्रकार ओळखण्यावरून नाही.

यावर संशोधन आहे का, असे मागच्या पालकसभेत एकांनी विचारले होते. इंग्रजीबाबत बरेच आहे. न्यूझीलंडमध्ये वॉरिक एली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांवर तीन वर्षे चाललेला एक अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. औपचारिक व्याकरण शिकलेली मुले आणि त्याऐवजी वाचन-लेखनाला जास्त वेळ दिलेली मुले, यांच्या लेखनात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. मात्र या निष्कर्षावर मी माझा सगळा डाव लावत नाही. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंग नाही, क्रियापद कर्माप्रमाणे बदलत नाही. मराठीत एका शब्दाच्या लिंगावर विशेषण, सर्वनाम आणि क्रियापद अशी तिन्ही रूपे ठरतात. तेव्हा तिकडे व्याकरण शिकवून फायदा दिसला नाही म्हणून इकडेही शिकवू नका, असे मी म्हणणार नाही.

आणि काही ठिकाणी तर मी नियम आधी देते, सरळ पाठ करायला लावते. तिथे वाचनाची गोडी वगैरे काही म्हणत नाही. ऱ्हस्व-दीर्घ ही ती जागा. ‘आणि’ आणि ‘पाणी’ मोठ्याने म्हणून पाहा. शेवटचा ‘णि’ आणि ‘णी’ कानाला वेगळा लागतो का? नाही. ‘विष’ आणि ‘वीस’ यांतला पहिला स्वर आपण सारखाच लांबवतो, पण एक ऱ्हस्व लिहायचा आणि एक दीर्घ. इथे कान कितीही भरला तरी तो मदत करत नाही, कारण आपल्या उच्चारात तो फरकच उरलेला नाही. लेखनाचे आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेले आहेत. १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार, असे एकूण अठरा. त्यांतले सातवीला लागणारे पाचसहाच आहेत, आणि ते तुमच्या मुलीच्या वहीत शेवटून पहिल्या पानावर आहेत. अंत्य ‘ई-ऊ’ दीर्घ लिहायचे, मात्र ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ ऱ्हस्व. मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसरे अक्षर दीर्घ, जसे ‘फूल’, आणि सामान्यरूपात ते ऱ्हस्व, म्हणून ‘फुलाला’. पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आपले मूळ रूप सोडत नाही, म्हणून ‘विष’ ऱ्हस्वच आणि ‘शरीर’चे ‘शरीराला’, ‘शरिराला’ नव्हे. शब्द तत्सम कोणता हे मात्र पुन्हा नियम सांगत नाही. तिथे डोळ्याला ते रूप वाचून सवयीचे झालेले असावे लागते. आमच्या वर्गात सतत वाचणाऱ्या मुलांना ‘शरिराला’ लिहिल्यावर नुसते पाहूनच खटकते, कारण विचारले तर सांगता येत नाही. कारण आम्ही नंतर शोधतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ती सावकाश चालते. प्रयोगाला मला चारपाच तास लागतात, व्याख्या देऊन तो एका तासात ‘पूर्ण’ करता येतो. वर्गाबाहेर जे मूल एकही पान वाचत नाही, त्याला आठवड्यातले माझे तास पुरत नाहीत. त्याची प्रगती खरोखरच कमी दिसते. ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही अशा मुलांचा कान वर्गातच भरायचा असतो. त्यांना मी लिंगानुसार शब्दांची यादी आणि सामान्यरूपांचा तक्ता आधीच देते, कुबडी म्हणून. त्यांच्या वहीत म्हणूनच तुमच्या मुलीच्या वहीपेक्षा जास्त नियम दिसतील. दोन मैत्रिणींच्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्यात तर हा फरक जाणूनबुजून केलेला आहे हे लक्षात असू द्या.

गुणांची काळजी रास्त आहे. प्रश्नपत्रिकेत ‘प्रयोग ओळखा’ असा प्रश्न आला की उत्तर एका शब्दाचे असते आणि तो शब्द माहीत हवाच. त्यासाठी दुसऱ्या सत्राचे शेवटचे तीन आठवडे राखून ठेवले आहेत. त्यात जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या, संज्ञा पक्क्या करायच्या. ओळखण्याची रीत तीच ठेवते: कर्ता बदला, क्रियापद हलते का पाहा. नाही हललं तर कर्म बदला. तेही नाही तर भावे. ही रीत व्याख्येपेक्षा सोपी आहे आणि ‘ने’च्या खुणेसारखी फसत नाही. पण ती चालायला एक गोष्ट लागते. ‘खिडकी’ घातल्यावर ‘उघडली’ हे रूप मुलाच्या तोंडात आपोआप यायला हवे. न वाचणारे मूल इथे अडते. खिडकी घालूनही ते ‘उघडले’ म्हणते, आणि कर्मणी प्रयोग भावे ठरतो. परीक्षेत प्रयोगाचे गुण जातात त्यांपैकी बरेच असे जातात.

घरी काय करता येईल असे विचारणार असाल तर तक्ते पाठ करून घेऊ नका. ते मी घेईन तेव्हा घेईन. रात्री तिला दिवसभरातले काहीतरी सांगायला लावा, आणि ती चुकली तर थांबवू नका. तुमच्या पुढच्या प्रश्नात बरोबर रूप येऊ द्या, एवढेच. आठवड्यातून दोनतीनदा तिने मोठ्याने एक पान वाचावे, आणि वाचताना कधीतरी सांगा, यातल्या मुलाची मुलगी कर. वर्गात ती हे करते, त्यामुळे तिला काय करायचे ते सांगावे लागणार नाही. ती एखाद्या क्रियापदाशी अडली तर ते वाक्य चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवून द्या. अशा चिठ्ठ्यांवरून मी पुढचा उतारा लिहिते.

आणि प्रथम सत्राची चाचणी तपासून झाली आहे. तिच्या उत्तरपत्रिकेत प्रयोगाचे एक वाक्य चुकले आहे: ‘तिने सगळ्यांना हाक मारली.’ तिने भावे लिहिले आहे, कारण तिला ‘सगळ्यांना’ हे कर्म वाटले आणि ते बदलून काही हलले नाही. खरे कर्म ‘हाक’ आहे. तिला सांगू नका. सोमवारी ‘हाक’च्या जागी ‘टोला’ घालून बघायला सांगणार आहे.

आपली,
मराठीच्या बाई